दोन बोटं आमटी

उरलेलं वरण, आमटी किंवा रस्सा फ्रिजमध्ये ठेवण्याआधी ओट्यावर पूर्ण गार होऊ द्यायचा, हा आपल्या बहुतेक घरांतला जवळजवळ न मोडणारा नियम आहे. नवी सून किंवा लेक वाफाळतं पातेलं फ्रिजकडे नेऊ लागली, की "अगं, ऊन ऊन नको ठेवूस, आधी निवू दे" असं कुणीतरी म्हणतंच. गरम भांड्याने फ्रिज बिघडतो, विजेचं बिल वाढतं, आत वाफ धरते, ही त्याची नेहमीची कारणं. मग झाकण घातलेलं पातेलं ओट्यावर राहतं. भांडी होतात, ओटा पुसला जातो, टीव्ही बंद होतो आणि झोपण्याआधी आठवण झालीच तर पातेलं फ्रिजमध्ये जातं. नाही झाली, तर सकाळी जातं.

या वाट पाहण्यात काही धोका आहे असं कुणाच्या मनात येत नाही, कारण आमटी चांगली खळखळून उकळलेली असते. उकळलं म्हणजे जंतू मेले, आणि झाकण आहे म्हणजे नवे पडणार नाहीत, असा साधा हिशेब असतो. पण शिळ्या डाळीने किंवा रश्श्याने पोट बिघडतं, ते बहुतेकदा बाहेरून पडलेल्या जंतूंमुळे नव्हे. जे उकळूनही मेले नाहीत, त्यांच्यामुळे बिघडतं. त्यांना वाढायला वेळ मिळतो तो चुलीवर किंवा फ्रिजमध्ये नाही, तर या दोन्हींच्या मधल्या काही तासांत. हे तास किती असतील, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: भांड्यात आमटी किती खोल आहे.

यातला मुख्य जंतू आहे क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. तो मातीत असतो, जनावरांच्या आणि माणसांच्या आतड्यात असतो, म्हणून धान्यावर, डाळींवर, मसाल्यांवर, मांसावर थोडाफार असतोच. परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती टणक कवच तयार करून बीजाणूच्या रूपात निपचित पडून राहतो. या अवस्थेतले कितीतरी बीजाणू १०० अंश सेल्सिअसच्या उकळीतून जिवंत बाहेर येतात. उलट ती उष्णता त्यांना जाग आणते. आमटी निवू लागली की बीजाणू फुटतात आणि जंतू पुन्हा वाढू लागतात. त्या वेळी त्यांना सगळंच अनुकूल असतं. त्यांच्याशी स्पर्धा करणारे साधे जंतू उकळीत मेलेले असतात. पाण्यात विरघळलेली हवा उकळीने निघून गेलेली असते, आणि या जंतूला प्राणवायू नकोच असतो. खायला प्रथिनं आणि पिष्ट भरपूर असतं. कमी असते ती फक्त योग्य तापमानाची, आणि निवणारी आमटी त्या तापमानातून जाणारच असते.

हा जंतू साधारण १२ ते ५० अंशांच्या दरम्यान वाढतो, आणि ४३ ते ४५ अंशांना त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. तिथे परिस्थिती पोषक असली तर त्याची संख्या जेमतेम १० मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे तासाभरात ६४ पट. त्या तापमानात आमटी तीन तास रेंगाळली, तर एकाचे अडीच लाखांहून जास्त होतात. प्रत्यक्षात बीजाणू फुटायला आधी थोडा वेळ जातो, त्यामुळे वाढ लगेच इतक्या वेगाने सुरू होत नाही. पण एकदा सुरू झाली की ती अशीच चालते. थोडे जंतू पोटात गेले तर काही होत नाही. दर ग्रॅममागे दहा लाखांच्या आसपास जंतू झालेलं अन्न खाल्लं, की ते आतड्यात जाऊन तिथे विष तयार करतात. जेवल्यावर साधारण ८ ते १२ तासांनी पोटात कळा येतात आणि जुलाब सुरू होतात. उलटी आणि ताप सहसा नसतो, आणि दिवसभरात बरं वाटतं. म्हणून घरात त्याला 'काहीतरी बाधलं' म्हणून सोडून दिलं जातं आणि संशय जातो तो बाहेर खाल्लेल्या भेळेवर. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आधीच आजारी असलेल्यांना मात्र हाच त्रास जड जाऊ शकतो.

अन्नातून होणाऱ्या विषबाधेशी या जंतूचा संबंध नीट दाखवून दिला तो ब्रिटनच्या जंतुशास्त्रज्ञ बेट्टी हॉब्ज यांनी, १९५३ मध्ये. त्यांनी तपासलेल्या घटनांमधलं समान सूत्र हेच होतं, की मांस आदल्या दिवशी शिजवलेलं, मोठ्या भांड्यात सावकाश निवलेलं आणि दुसऱ्या दिवशी वाढलेलं असायचं. स्वयंपाक घाणेरड्या हातांनी झालेला असायचा असं नाही. तो नीट शिजलेलाही असायचा. चूक व्हायची ती निवण्यात.

दुसरा जंतू बॅसिलस सिरियस. तोही मातीतला आणि बीजाणू करणारा. तांदूळ, डाळी आणि मसाल्यांत तो हमखास सापडतो. त्याची गोष्ट नॉर्वेतली. ऑस्लोतल्या एका रुग्णालयात व्हॅनिलाचा गोड सॉस खाऊन लोक आजारी पडले. तो सॉस आदल्या दिवशी करून साध्या खोलीच्या तापमानाला ठेवलेला होता. स्टेनार हाउगे या शास्त्रज्ञाला त्यात हा जंतू सापडला. खात्री करून घेण्यासाठी त्याने हा जंतू वाढवलेला सॉस स्वतः प्यायला, आणि काही तासांनी त्यालाही पोटदुखी आणि जुलाब झाले. या जंतूचे काही प्रकार याहून वाईट काम करतात. ते अन्नातच उलटी आणणारं विष सोडतात, आणि ते विष नंतर कितीही उकळलं तरी नष्ट होत नाही. रात्रभर बाहेर राहिलेली डाळ सकाळी खळखळून उकळली की झालं, हा भरवसा इथे कोसळतो. जंतू मरतात, विष तसंच राहतं.

यावर एक शंका हमखास येते: आपण डाळ कुकरमध्ये शिजवतो, तिथे तापमान शंभराच्या वर जातं, मग बीजाणू कसे राहतील? कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं हे खरं, आणि तिथे पुष्कळ बीजाणू मरतातही. पण कुकर उघडल्यावर आपण काय करतो? डाळ घोटतो, पाणी घालतो, गूळ, गोडा मसाला, कोथिंबीर, खोबरं घालतो आणि उकळी आणतो. मसाल्यात बीजाणू असतात, आणि आता तापमान शंभरच असतं. फोडणीचं तेल कडकडीत असलं तरी त्यात पडते मोहरी आणि हिंग. गोडा मसाला पडतो तो उकळत्या आमटीत. म्हणजे कुकरने जे काढलं, त्यातलं थोडं आपण परत घालतो.

आता एक नेहमीचा प्रसंग हिशेबाने पाहू. शनिवारी रात्री पाहुणे आले, तूरडाळीची घट्टशी आमटी केली आणि जेवणं झाल्यावर तीन लिटर उरली. ती बावीस सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात आहे, म्हणजे खोली झाली सुमारे आठ सेंटिमीटर, चार बोटं आडवी धरली तर तेवढी. वर झाकण आहे, स्वयंपाकघरात ३० अंश आहेत. अशा पातेल्याला ९० अंशांवरून ६० वर यायला दोन तासांहून जास्त लागतात आणि तिथून ४० वर यायला आणखी साडेतीन तासांच्या आसपास. त्यापुढे ते जवळजवळ निवतच नाही, कारण खोलीच ३० अंशांची आहे. रात्री साडेनऊला गॅसवरून उतरवलेली आमटी अशा रीतीने एक ते सव्वातीनपर्यंत जंतूंच्या अगदी आवडत्या तापमानात असते आणि उजाडेपर्यंत त्यांना जगता येईल अशा ऊबेतच राहते. साडेबाराला आठवण होऊन तेच झाकलेलं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं, तरी त्याच्या मध्यापर्यंत गारवा पोचायला आठ-नऊ तास लागतात. घट्ट डाळ आतल्या आत फिरत नाही, त्यामुळे मधली उष्णता कडेपर्यंत यायला फार वेळ घेते. सकाळी पातेल्याला हात लावून 'गार आहे' असं वाटतं, ते फक्त कडेचं.

तीच तीन लिटर आमटी दोन पसरट ट्रेंमध्ये ओतली, प्रत्येक साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा, तर खोली उरते अडीच सेंटिमीटर. बोटं आडवी धरली तर दीड बोट. झाकण न लावता पंख्याखाली ठेवून मधूनमधून ढवळलं, तर पाऊण ते एक तासात ती चाळिशीच्या खाली येते. आमटी तेवढीच, खोलीचं तापमान तेच, पण सहा तासांचं काम एका तासावर आलं.

फरक कुठून पडला हे समजलं, की मग पुस्तकी नियम पाठ करायची गरज उरत नाही. एक म्हणजे उष्णतेला बाहेर पडायला जास्त पृष्ठभाग मिळाला आणि मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर कमी झालं. दुसरं, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही, झाकण निघालं. गरम पदार्थ निवतो तो मुख्यतः वाफेमुळे. एक लिटर आमटीतून फक्त ५० मिलिलिटर पाणी वाफ होऊन गेलं, तरी तिचं तापमान पंचवीस-तीस अंशांनी उतरतं. झाकण लावलं की ती वाफ झाकणाला थडकून परत आत टपकते आणि उष्णताही परत आणते. म्हणून पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात झाकण नकोच. माश्या, चिलटं किंवा पाल यांची भीती असेल तर जाळीचं झाकण किंवा पातळ स्वच्छ कापड टाकावं. वाफेचा जोर ६० अंशांपर्यंत मोठा असतो. चाळिशीच्या खाली तो ओसरतो, आणि तिथून पुढे फ्रिजनेच काम करायचं असतं.

पसरट भांडं कुठलं घ्यायचं याचा फार विचार करू नये. वड्या थापायचं ताट, ढोकळ्याची थाळी, काठ असलेला स्टीलचा ट्रे, परात, यातलं काहीही चालतं. रोजच्यासाठी पसरट झाकणाचे दोन-तीन स्टीलचे डबे घेऊन ठेवले तर निवण्यासाठी आणि ठेवण्यासाठी वेगळी भांडी लागत नाहीत. स्टील उष्णता चटकन सोडतं. काच आणि प्लॅस्टिक थोडं मागे पडतं, पण आमटी दोन बोटंच खोल असेल तर हा फरक किरकोळ आहे. पातळ प्लॅस्टिकच्या डब्यात वाफाळती आमटी मात्र ओतू नये. चिंच-आमसुलाची आमटी कल्हई नसलेल्या पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये साठवू नये, आंबटपणा धातूला लागतो. सोपा नियम एवढाच: आमटी दोन बोटं, फार तर तीन बोटं खोल. त्याहून जास्त असेल तर आणखी एक भांडं घ्या.

मोठ्या प्रमाणावर केलेल्या रश्श्याला इतके ट्रे कुठून आणायचे? तिथे पाण्याचा उपयोग होतो. पातेलं टबमध्ये किंवा सिंकमध्ये ठेवून बाहेरून नळाचं पाणी आमटीच्या पातळीपर्यंत भरायचं आणि आतली आमटी सतत ढवळत राहायचं. पाणी उष्णता हवेपेक्षा कितीतरी भराभर घेतं. पण इथेही हिशेब विसरू नये. तीन लिटर आमटी ९० वरून ४० वर येताना दहा लिटर पाणी सुमारे चौदा अंशांनी तापवते. मे महिन्यात टाकीतलं पाणीच ३० अंशांचं असेल, तर ते चटकन चव्वेचाळीसवर जातं आणि मग निवणं थांबतं. पाणी दोन-तीन वेळा बदलावंच लागतं.

बर्फ वापरायचा असेल तर तो शेवटासाठी राखावा. वाफाळत्या पातेल्याखाली एक किलो बर्फ टाकला, तर तो ९० वरून ६० वर आणण्यातच संपतो, आणि तेवढं काम हवेने आणि नळाच्या पाण्याने फुकटात झालं असतं. तोच किलोभर बर्फ ४० अंशांना आलेल्या आमटीखाली टाकला, तर ती बारा-पंधरा अंशांपर्यंत उतरते. याहून सोपी युक्ती म्हणजे डाळ मुद्दाम घट्ट ठेवायची आणि जे पाणी नंतर घालायचंच आहे ते बर्फाच्या रूपात घालायचं. उकळून निवलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा बर्फ आधी स्वच्छ ट्रेमध्ये करून ठेवावा. ६० अंशांवर आलेल्या दीड किलो घट्ट वरणात ३०० ग्रॅम असा बर्फ घालून ढवळला, तर तापमान एका झटक्यात पस्तिशीच्या आसपास येतं. जंतूंच्या आवडीचा सगळा पट्टा काही मिनिटांत ओलांडला जातो.

आता फ्रिज. गरम भांड्याने फ्रिज बिघडतो हे आजच्या फ्रिजच्या बाबतीत खरं नाही, आणि बिलाचीही भीती नको. तीन लिटर उकळती आमटी थेट ठेवली, तरी ती गार करायला पाव युनिटहूनही कमी वीज लागते. खरी अडचण वेगळी आहे. फ्रिजची ताकद मर्यादित असते. ९० अंशांचं पातेलं आत गेलं की शेजारचं दूध, दही, कापून ठेवलेलं फळ काही काळ ऊबेत येतं, आणि काचेच्या फळीवर भगभगीत भांडं ठेवलं तर फळी तडकू शकते. म्हणून पहिली मोठी उष्णता बाहेरच, पसरट भांड्यात, पंख्याखाली घालवायची आणि आमटी कोमट झाली की आत ठेवायची. अमेरिकेच्या कृषी खात्याचा घरांसाठीचा सल्ला आहे, की शिजलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये जावं, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर गरम असेल तर एका तासात. आपला बहुतेक उन्हाळा या दुसऱ्या नियमात बसतो. तिथल्या हॉटेलांसाठीचा नियम आणखी नेमका आहे: ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि २१ वरून ५ वर त्यापुढच्या चार तासांत. पहिल्या टप्प्याला कमी वेळ दिला आहे, कारण जंतूंचा वेग तिथेच सर्वांत जास्त असतो.

आत ठेवताना डबे एकावर एक रचू नयेत, निदान पहिले काही तास. त्यांच्याभोवती हवा फिरायला बोटभर जागा हवी. दोन पसरट डबे एकमेकांवर ठेवले की मिळून एक खोल पातेलंच तयार होतं आणि सगळी मेहनत वाया जाते. झाकण पूर्ण घट्ट न लावता थोडं सैल ठेवावं आणि सकाळी घट्ट करावं. फ्रिज आतून खरंच ५ अंशांच्या आत आहे का, हेही एकदा तपासावं. त्याच्या चकतीवरचे १ ते ७ आकडे तापमानाचे नसतात. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवला, की सकाळी खरं तापमान कळतं.

सगळ्या पदार्थांना हा धोका सारखा नाही, हेही सांगायला हवं. परफ्रिंजेन्सला आंबटपणा सोसत नाही. चिंचेची किंवा आमसुलाची चांगली आंबट आमटी, कोकणातलं आंबट फिशकरी यांत त्याची वाढ मंदावते. सगळ्यात जपायला हवं ते साध्या वरणाला, छोले-राजम्यासारख्या घट्ट उसळींना, मटणाच्या आणि कोंबडीच्या रश्श्याला, खिमा आणि पायासारख्या घट्ट पदार्थांना. रस्सा पातळ असेल तर तो आतल्या आत फिरतो आणि थोडा लवकर निवतो. घट्ट असेल तर नाही. रविवारी दुपारी केलेलं मटण रात्रीसाठी तसंच गॅसवर झाकून ठेवायची आपली सवय या यादीत पहिली येते. मधल्या चार-पाच तासांत तेही त्याच तापमानात असतं.

बिघडलंय की नाही हे वासावरून कळेल का? दुर्दैवाने नाही. आंबट वास, फेस, डाळीला तार सुटणं ही लक्षणं दुसऱ्याच जंतूंची असतात. त्यांच्यामुळे अन्न टाकून दिलं जातं हे बरंच आहे, पण परफ्रिंजेन्स आणि सिरियस वाढलेल्या डाळीला वास, रंग, चव बदललेली असेलच असं नाही. म्हणून परीक्षा करायची ती अन्नाची नाही, तर निवण्याची. टोकदार सळीचा स्वयंपाकाचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो डब्याच्या मधोमध खुपसून पाहा. थर्मामीटर नसेल तर मधली आमटी स्वच्छ चमच्याने काढून मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावा. ना ऊन ना गार असं वाटलं, म्हणजे ती आपल्या त्वचेइतक्या, तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास आहे, आणि फ्रिजमध्ये जायला तयार आहे. फ्रिजमध्ये ठेवल्यावर दोन-तीन तासांनी पुन्हा पाहा. मध्यभाग अजून कोमट लागत असेल, तर खोली जास्त झाली. तेव्हाच आणखी एका डब्यात वाटून टाका.

काही घरांत रात्री झोपण्याआधी आमटी पुन्हा एकदा उकळून झाकून ठेवतात. फ्रिज नसताना आपल्या आज्यांनी हे केलं आणि ते समजण्यासारखंही आहे. त्याने तोवर वाढलेले जंतू मरतात, पण बीजाणू उरतात आणि सावकाश निवण्याचा सगळा प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. फ्रिज घरात असताना याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी गरम करताना मात्र हवी तेवढीच आमटी काढा आणि ती ढवळत मधोमध खळखळ उकळी येईपर्यंत तापवा. सगळा डबा गरम करून उरलेला पुन्हा आत ठेवू नका. फ्रिजमध्ये परफ्रिंजेन्स वाढत नाही, पण सिरियसचे काही प्रकार थंडीतही हळूहळू वाढतात, म्हणून डब्यावर वार लिहा आणि तीन दिवसांत संपवा. लोडशेडिंगमध्ये फ्रिजचं दार उघडलं नाही, तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली असेल तर डाळ, रस्सा, दूध ठेवू नका.

आणि पातेलं विसरून रात्रभर ओट्यावर राहिलंच, तर सकाळी त्याचा वास घेऊन किंवा ते उकळून निर्णय घेऊ नका. वास येणार नाही आणि विष उकळीने जाणार नाही. ती आमटी टाकून द्या.